सांत्वनाच्या मेलला उत्तर: ‘आभार’ लिहायचं की नाही?

त्रिमूर्तीनगर
माझे सासरे मागच्या महिन्यात वारले. सासूबाईंचे धाकटे भाऊ इंदूरला असतात. प्रकृतीमुळे ते घाटावर येऊ शकले नाहीत, पण मोठा मेल पाठवला. त्यात लिहिलंय की मॉरिस कॉलेजची त्यांची फी भाऊजींनी गुपचूप भरली होती. उत्तर माझ्यावर सोपवलंय. मी लिहिलं, ‘आपल्या शोकसंदेशाबद्दल आम्ही सर्व कुटुंबीय आपले मनःपूर्वक आभारी आहोत.’ नणंदबाई म्हणाल्या, मामाचे कसले आभार मानतेस, ही काय सभा आहे? मग लिहू काय?

शब्दवेडा_पुणे
नणंदबाईंचं बरोबर आहे. आभार म्हणजे भार, ओझं. आभार मानले की ओझं उतरलं, हिशेब चुकता झाला. सख्ख्या माणसाशी हिशेब करत नाहीत. ‘धन्यवाद’ लिहा. आणि मेल कशाला, ‘विपत्र’ म्हणा की.

महालकर
‘भार’ त्यात आहे हे खरं, पण क्रियापद ‘मानणे’ आहे, ‘फेडणे’ नाही. आभार मानणारा ओझं आपल्या डोक्यावर आहे असं कबूल करतो. अर्थाने शब्द अगदी योग्य आहे. खटकतो तो जागेमुळे, कारण आपण तो व्यासपीठावरून आणि वर्तमानपत्रातल्या ‘ऋणनिर्देशा’त ऐकतो. ‘धन्यवाद’ मूळचा वाहवा करणारा शब्द, दुःखात तो जास्त परका वाटेल. आणि ‘विपत्र’ इथे नकोच, वाचणाऱ्याला आधी विपत्तीच दिसेल.

जुन्या घरगुती पत्रांत आभार क्वचितच असत. ‘आपले पत्र पावले, वाचून धीर आला’ एवढं असे. पत्राने काय केलं ते सांगितलं की आभार त्यातच आले. तुमच्याकडे तर फीची गोष्ट आहे. ती सासूबाईंना ठाऊक होती का?

त्रिमूर्तीनगर
नाही. वाचून दाखवली तेव्हाच कळली. नंतर बराच वेळ त्या बाबांविषयी बोलत होत्या.

महालकर
मग उत्तर तेच. ‘मामा, सा. नमस्कार. तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. फीची गोष्ट त्यांनाही माहीत नव्हती. ती ऐकून त्या बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी बोलल्या. आम्हा सगळ्यांना धीर आला. तेरवी नीट पार पडली. तुम्ही प्रवासाची दगदग करू नका, आईंशी फोनवर बोलत राहा.’ एवढं पुरे. वर ‘श्री’ घालू नका, दुखवट्याच्या पत्रात तो नसतो.

मायना ‘तीर्थस्वरूप’ हवा असेल तर पूर्ण लिहा. ‘ती. स्व.’ असं आखडलं तर या पत्रात ते ‘स्वर्गीय’ वाचलं जाईल. मेलचा विषयही बघा. मामांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असा विषय दिला असेल, तर तुमचं उत्तर त्यांना ‘Re: भावपूर्ण श्रद्धांजली’ म्हणून जाईल. हयात माणसाला असं पाठवू नये, विषय बदला.

काटोलवाला
आमच्याकडं कोणी आभार नाही मानत बा. लोक दुखवट्याले येतात, कडू घास घेऊन येतात, आपण त्यायच्याजवळ बसतो. झालं. मेल आली तर फोन करा नं. लिहून काहून पाठवता?

त्रिमूर्तीनगर
मामांना ऐकू कमी येतं. म्हणूनच त्यांनी लिहिलं असावं. आईंशी फोनवर बोलायचं वाक्य काढून टाकते.

इंदोरा_नागपूर
माझी अडचण वेगळी आहे, पण इथेच विचारते. आम्ही बौद्ध. आजोबा गेल्यावर वडिलांच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी लिहिलं, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ आम्ही ईश्वरही मानत नाही, आत्माही नाही. उत्तरात मी ‘कालकथित आजोबांच्या’ असं लिहिलं, तर एकाने फोन करून विचारलं, हा कोणता शब्द?

शब्दवेडा_पुणे
हा शब्द मीही ऐकला नव्हता. प्रमाण मराठीत ‘कैलासवासी’ किंवा ‘दिवंगत’.

इंदोरा_नागपूर
‘दिवंगत’ म्हणजेही स्वर्गाला गेलेला. इथल्या वर्तमानपत्रांत ‘कालकथित’ नेहमी छापून येतं, जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या निमंत्रणात येतं. पुण्यात ऐकला नाही म्हणून तो प्रमाण नाही, असं कसं?

महालकर
तुमचा शब्द तुम्ही वापरलात ते योग्यच केलंत. त्यांच्या ईश्वराला उत्तरात दुरुस्त करायची गरज नाही, आपल्या माणसाला आपल्या शब्दाने उल्लेखावं. ‘मृतात्मा’ तर आत्मा मानणाऱ्यांच्याही हिशेबात बसत नाही, त्यांचा आत्मा मरतच नाही.

शब्दवेडा_पुणे
तो रूढ झालाय, चालतो.

इंदोरा_नागपूर
‘मृतात्मा’ रूढ म्हणून चालतो, आणि ‘कालकथित’ रूढ असून चालत नाही?

शब्दवेडा_पुणे
रूढ कुठे, हा प्रश्न आहे. आता ‘तेरवी’च घ्या. मराठी शब्द ‘तेरावा’ आहे, ‘तेरवी’ हिंदीतून आलेली. इंदूरला जाणाऱ्या पत्रात तरी शुद्ध लिहा.

काटोलवाला
तेरावा दिवस असते, तेरवी जेवण असते. दोन गोष्टी हायेत त्या. माय बापाच्या तेरवीले कोणी तेरावा म्हणलं नाही आजवर.