मदत हवी आहे: सोयाबीनच्या भावाचे एसएमएस पाठवताना 429 येतंय, काहींना संदेश दोनदा जातोय, काहींना जातच नाही

औसेकर
नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं संगणकाचं काम पाहतो. रोज दुपारी चारला क्रॉन चालतो आणि ६,२०० सभासदांना उद्याचा सोयाबीनचा भाव आणि खरेदी केंद्र चालू आहे की बंद, एवढा मराठी संदेश जातो. कोड आधीच्या माणसाने लिहिलेला आहे, मी नुकताच हातात घेतलाय. पायथॉन आणि पोस्टग्रेस. क्रॉन दर दहा मिनिटांनी आहे, म्हणजे काही राहिलं तर पुढची फेरी उचलेल असा हिशोब.

परवा बारदाना संपला म्हणून केंद्र बंद ठेवलं होतं. तरी किल्लारीकडचे बरेच जण ट्रॉली भरून आले. त्यांना संदेशच मिळाला नव्हता. आणि इकडे काहींना तोच संदेश दोनदा.

एसएमएस कंपनीची मर्यादा सेकंदाला १० आहे. कोडमध्ये प्रत्येक विनंतीनंतर 0.1 सेकंदाची झोप आहे, म्हणजे आपण मर्यादेतच आहोत. विनंती नाकारली गेली तर लगेच पुन्हा, असे एकूण तीन प्रयत्न, नंतर `failed`. लॉग असा दिसतो:

```
16:00:07  200 200 200 429 429 429 429 429 429 429
16:00:08  200 200 200 429 429 429 429 429 429 429
```

कुठं चुकतंय?

मन्याड
झोप वाढवा की राव. 0.1 चं 0.5 करा. मी नांदेडला एका पतसंस्थेचे हप्त्याचे संदेश असेच पाठवायलोय, काही तक्रार नाही. नाहीतर कंपनीला पैसे भरून मर्यादा वाढवून घ्या.

तेरणाकाठ
आमच्या कॉलेजातही हेच झालं होतं. निकालाच्या मेल साध्या जीमेल खात्यातून पाठवत होतो, ५०० झाल्या की खातं बंद. दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू. तुम्हीही रोज थोडे थोडे पाठवा, तीन दिवसांत सगळे होतील.

औसेकर
तेरणाकाठ, भाव उद्याचाच असतो हो. तीन दिवसांनी पोहोचून काय उपयोग?

सिंदफणा
तेरणाकाठ यांची अडचण खरी आहे, पण ती दिवसाच्या कोट्याची. कोटा संपला की त्या दिवशी कितीही थांबून पुन्हा प्रयत्न करा, उपयोग नाही. औसेकरांची मर्यादा सेकंदाची आहे, तिथे थांबलं की वाट मोकळी होते. दोन्हींचे उपाय वेगळे.

औसेकर, तुमचा लॉगच उत्तर सांगतोय. दर सेकंदाला बरोबर तीन पास, मग नकार. मर्यादा दहाची असताना तीनच का? संदेश किती अक्षरांचा आहे?

औसेकर
मोजला. ९० च्या आसपास अक्षरं.

सिंदफणा
डोळ्यांनी मोजलात ना? पायथॉनमध्ये `len(body)` करून बघा. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘लातूर’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, एसएमएसमध्ये ती पाच आहेत.

औसेकर
१५० आलं.

सिंदफणा
मग झालं. देवनागरी एसएमएसच्या एका भागात ७० मावतात. त्याहून मोठा संदेश तुटतो आणि जोडणीच्या माहितीला जागा लागते म्हणून प्रत्येक भागात ६७ च उरतात. १५० म्हणजे तीन भाग. तुमची कंपनी बहुधा संदेश नाही, भाग मोजतेय. तीन संदेशांचे नऊ भाग झाले, चौथा दहात बसत नाही. कराराच्या कागदात ‘सेकंदाला १०’ कशाचे, ते विचारून घ्या.

आता पुढचं. नकार आल्यावर तुमचा कोड त्याच सेकंदात पुन्हा धडकतो. सात नकारांत दोन संदेशांचे तिन्ही प्रयत्न संपतात आणि ते `failed` होतात. तिसऱ्याचा एकच प्रयत्न जातो, तो पुढच्या सेकंदात सुटतो. म्हणजे दर पाचांतले दोन सभासद वगळले जातात. ट्रॉली घेऊन आलेले ते हेच.

या वेगाने सगळी यादी संपायला वीस मिनिटं लागतात आणि तुमचा क्रॉन दहा मिनिटांनी पुन्हा उठतो. पहिल्या फेरीने पूर्ण यादी सुरुवातीलाच वाचून ठेवलेली असणार. दुसरी फेरी उरलेले `pending` उचलते, दोघी तेच पाठवतात. १६:१० नंतरचा लॉग बघा, तीन-सातची ही शिस्त मोडलेली दिसेल.

औसेकर
ताई, तंतोतंत. १६:१० नंतर एकेका सेकंदात वीस नोंदी आहेत.

मन्याड
म्हणजे माझी 0.5 ची झोप बरोबरच निघाली की.

सिंदफणा
एका फेरीपुरती बरोबर. पण तशी यादी संपायला पन्नास मिनिटांवर लागतील, तोवर क्रॉनने आणखी चार-पाच फेऱ्या उठवलेल्या असतील. प्रत्येक फेरी आपापली झोप घेते, मर्यादा मात्र सगळ्या खात्याची एकच असते. म्हणून आधी कुलूप:

```
*/10 16-17 * * * flock -n /tmp/bhav.lock python3 /opt/bhav/send.py
```

पहिली फेरी चालू असेल तर दुसरी निमूट बाहेर पडते. मग झोप भागांच्या हिशोबाने:

```python
n = len(body)
parts = 1 if n <= 70 else -(-n // 67)
time.sleep(parts / 8)
```

दहाऐवजी आठ मुद्दाम. त्याच खात्यातून ॲपचे ओटीपी जातात का? जात असतील तर त्यांना जागा सोडा, नाहीतर भावाच्या रांगेमागे कोणाचं तरी लॉगिन अडकेल. ६,२०० गुणिले तीन म्हणजे १८,६०० भाग, आठच्या वेगाने ३९ मिनिटं, वर विनंत्यांचा वेळ. पाचच्या आत सगळ्यांना पोहोचतो.

तरीही 429 आलाच तर उत्तरात `Retry-After` आहे का पाहा, असेल तर तेवढे सेकंद थांबा. नसेल तर एक, दोन, चार असं वाढवत जा. थांबायचं सगळ्या रांगेने, त्या एका संदेशाने नाही. आणि अशा संदेशाला `failed` करू नका, `pending` च राहू द्या.

औसेकर
ओटीपी त्याच खात्यातून जातात. चारनंतर ओटीपी येत नाही अशी तक्रार होतीच, तिचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. संदेश लहान केला तर?

सिंदफणा
१३४ च्या आत आणलात तर दोनच भाग होतील आणि वेळ २६ मिनिटांवर येईल. खर्चही एक तृतीयांश कमी, कारण बिल सहसा भागांवर असतं. पण मजकूर बदलला की डीएलटीवर नवा नमुना मंजूर करून घ्यावा लागेल. तो मंजूर होईपर्यंत जुनाच पाठवा. जुळत नसलेला मजकूर वाटेतच अडवला जातो.

मन्याड
टाइमआउट आला तर? माझ्याकडं नेट गेलं की तेच येतं. मी पुन्हा पाठवतो.

सिंदफणा
तिथे जपून. 429 म्हणजे संदेश घेतलाच नाही, पुन्हा पाठवला तर धोका नाही. टाइमआउटमध्ये मात्र त्यांनी घेतलेला असू शकतो, फक्त उत्तर आपल्यापर्यंत आलेलं नसतं. आंधळेपणाने पुन्हा पाठवलं की दोनदा जातो. प्रत्येक संदेशाला आपला क्रमांक द्या, सभासद आणि तारीख मिळून. काही कंपन्या तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर गाळतात, काही नुसता नोंदवून ठेवतात.

मन्याड
हप्त्याचा संदेश दोनदा गेला तर लोक घाबरून फोन करतात, हे खरंय. बघतो माझंही.

औसेकर
अपडेट: कंपनीचा मेल आला, मर्यादा भागांचीच आहे. कुलूप आणि झोप लावली, आजच्या लॉगमध्ये एकही 429 नाही. शेवटचा संदेश १६:४६ ला गेला. टाइमआउट सात आले. तोच क्रमांक पुन्हा आला तर गाळता का, यावर त्यांनी काही सांगितलं नाही. ते सात `unknown` म्हणून बाजूला ठेवलेत आणि डिलिव्हरी रिपोर्ट यायची वाट बघतोय. साडेसहापर्यंत रिपोर्ट आला नाही तर त्या सातांना फोन करतो.