उत्तर: पेन्शन फंडात सोनं का कमी?

„रिझर्व्ह बँक टनांनी सोनं ठेवते, मग आमच्या पेन्शनचे पैसे त्यात का घालत नाहीत?”

इंदूरच्या सराफ्यातही आमच्या मित्रमंडळींत हाच वाद होतो. मला वाटतं, पैसा कुणाला आणि कधी द्यायचा आहे, यावर सगळं ठरतं.

समजा फंडाने एक कोटी ७ टक्क्यांच्या सरकारी रोख्यात घातले. वर्षाला ७ लाख व्याज आलं. त्यातून तीन निवृत्तांना दरमहा १९,००० देता येतात, मुद्दलाला हात न लावता. तेच कोटीचं सोनं तिजोरीत नुसतं बसतं. पेन्शन द्यायची तर दर महिन्याला थोडं विकायचं, भाव पडलेला असला तरी. जानेवारी १९८० मध्ये औंसाला साधारण ८५० डॉलर भाव होता, १९९९ मध्ये २५५ च्या आसपास. एवढी वर्षं निवृत्त माणूस थांबणार कसा?

रिझर्व्ह बँकेला असा मासिक हप्ता नाही. तिला अडीनडीला चालणारी, कुणाच्याही वचनावर न टिकलेली वस्तू हवी. १९९१ मध्ये आपण जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले, ते याच गुणामुळे.

देशाची बचत गुंतवणाऱ्या सार्वभौम फंडांना असं संकट निभवायचं नसतं, पुढच्या पिढ्यांसाठी पैसा वाढवायचा असतो. म्हणून नॉर्वेचा तेलफंड शेअर, रोखे, इमारती आणि अक्षय ऊर्जा प्रकल्पांत असतो. तिथे नफा, व्याज, भाडं येतं. सोन्यात फक्त पुढच्या गिऱ्हाइकाने जास्त भाव द्यावा, एवढीच आशा.

भाववाढीपासून बचाव म्हणून थोडं सोनं ठेवणारे पेन्शन फंडही आहेत, पण थोडंच.