‘तेवणारा’ दगड की ‘उजळलेला’ दगड?

पणजी: एका कार्यालयाच्या स्वागतकक्षाच्या रेंडरसोबत, म्हणजे संगणकावर बनवलेल्या चित्रासोबत, द्यायचे मराठी टिपण मी लिहीत आहे. चित्रात भिंतीवर मधाच्या रंगाचा ऑनिक्स दगड असून त्याच्या मागे दिवे आहेत. मी ‘मंद तेवणारे, पारदर्शक गोमेदाचे पॅनेल’ असे लिहिले. पण वाचताना ते खटकते.

म्हापसा: खटकतो तो ‘पारदर्शक’. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवा. त्यांतून उजेड आत येतो, पण अंगणात कोण उभे आहे हे कळत नाही. अशा वस्तूला ‘पारभासी’ म्हणावे. ‘गोमेद’ मात्र बरोबर आहे.

फोंडा: ‘पारभासी’ मान्य, ‘गोमेद’ नाही. तो अंगठीतला खडा असून गार्नेटच्या कुळातला आहे. भिंतीवर लावतात तो ऑनिक्स बहुधा कॅल्साइट असतो, म्हणजे चुनखडीचा नातेवाईक. त्यावर लिंबाचा रस सांडला तर झिलई जाते. म्हणून ‘ऑनिक्स’ हाच शब्द ठेवावा. माझा खरा आक्षेप ‘तेवणारे’ या शब्दावर आहे, कारण तेवते ती ज्योत, आणि दगडाला स्वतःचा उजेड नसतो.

मडगाव: आमच्या देवघरामागे पातळ संगमरवर आहे आणि संध्याकाळी तो छान तेवतो. मग चूक कुठे?

फोंडा: तेवते ती समई, संगमरवर उजळतो. हा फरक केवळ भाषेचा नाही. रेंडर करणारे पुष्कळदा दगडाच्या फोटोलाच ‘एमिशन’ देतात, म्हणजे दगडालाच दिवा करतात. मग पॅनेल या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखेच उजळ दिसते आणि ग्राहक तशाच भिंतीची अपेक्षा धरतो. प्रत्यक्षात २० मिलिमीटरच्या लादीमागे एलईडीच्या पट्ट्या अगदी चिकटून बसवल्या, तर दगडावर उजेडाचे पट्टे उमटतात. मागे साधारण १०० मिलिमीटर पोकळी सोडून पट्ट्यांमधले अंतरही त्याहून जास्त ठेवले नाही, आणि मध्ये दुधी अॅक्रिलिक घातले, तर उजेड बराच सारखा पसरतो. रेंडरमध्येही दिवे मागे ठेवून दगडाला जाडी द्यावी आणि उजेड त्यातून गाळून येऊ द्यावा.

म्हापसा: चित्र पाहून हे ओळखावे कसे?

फोंडा: नुसत्या चित्रावरून खात्री देता येत नाही. मूळ फाइलमध्ये मागचे दिवे बंद करून पाहावे. तरीही पॅनेल उजळच राहिले, तर उजेड दगडाचा आहे.

मडगाव: ‘पारभासी’ आमच्या गवंड्याला कळणार नाही. ‘उजेड झिरपणारा’ का नको?

म्हापसा: टिपणात तो सैल वाटेल, गवंड्याशी बोलताना चालेल.

पणजी: मी ‘मागून उजळलेले, पारभासी ऑनिक्सचे पॅनेल’ असे लिहिले आणि रेंडर करणाऱ्याला दिवे बंद करून पाहायला सांगितले. पॅनेल तसेच लखलखत राहिले. तेव्हा त्या चित्रापुरते माझे ‘तेवणारे’ अक्षरशः बरोबर होते; आता शब्द नव्हे, चित्र दुरुस्त होत आहे.