‘क्रेस्ट फॅक्टर’ला मराठीत काय म्हणायचं?

उद्यमबागवाला: वर्कशॉपातल्या शिकाऊ पोरांसाठी टाँग टेस्टर कसा तपासायचा याचं पानभर टिपण लिहूलोय. ‘क्रेस्ट फॅक्टर’पाशी अडलो. ‘शिखर गुणांक’ लिहिलं, तर मीटरच्या कागदावर ३ बघून एक पोरगं म्हणतंय, “सर, तीनच गुण?” दुसरा शब्द आहे का कुणाकडे?

शहापूरचे गुरुजी: गुणांक नको, गुणक म्हणा. ‘शिखरगुणक’. बीजगणितात फॅक्टरला अवयव म्हणतो आपण, पण ‘शिखर अवयव’ म्हटलं तर पोरं डोक्यालाच हात लावतील.

निपाणीचा वायरमन: शब्द नंतर बघू. तपासणी कशी लिहिलीय ते आधी सांगा.

उद्यमबागवाला: १००० वॅटचा हिटर, म्हणजे २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर. बंद असताना त्याच्या एका वायरीचे दहा वेढे जबड्यातून घ्यायचे आणि मग चालू करायचा. मीटरनं ४३.५ दाखवायला पाहिजे. याला ‘ज्ञात प्रवाह’ म्हटलंय.

निपाणीचा वायरमन: ज्ञात कुठला ओ? ते हिटरच्या पाटीवरचं गणित झालं. संध्याकाळी व्होल्टेज २०५ वर आलं की तोच हिटर ३.९ च्या आसपास घेतो, आणि तुमचं पोरगं चांगला मीटर फेकून देतंय. भरवशाचा मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात पिन घालून सिरीजमध्ये लावा आणि त्याच्या आकड्याच्या दहापट धरा. वेढे जबड्याच्या मधोमध ठेवा, जबडा पुसून नीट मिटवा. तोंडात कचरा अडकला तरी आकडा घसरतो.

खानापूरची काकू: माझ्या मुलाच्या मीटरनं मिक्सरची वायर धरली तर शून्य येतंय. मिक्सर तर फिरतोय. मीटर बिघडलाय का?

चिकोडीकर: काकू, केबलीत जाणारी आणि येणारी दोन्ही वायरी एकत्र आहेत, त्या एकमेकींना मारतात. मीटर चांगला आहे. आणि उद्यमबागवाले, ट्रू आरएमएस मीटर घ्या, विषय मिटला. तो शब्द लिहायचीच गरज नाही.

निपाणीचा वायरमन: मिटत नाही. आमच्याकडच्या एका ऑफिसातली गोष्ट. जुने कॉम्प्युटर, युपीएस, सगळं एकाच लाइनीवर. १६ चा एमसीबी, उन्हाळ्यात तापलेल्या बोर्डात तासा-दोन तासांनी पडायचा. साधा टाँग टेस्टर ११ दाखवायचा, म्हणून दोन वेळा एमसीबी बदलला. मीटर हिटरवर तपासलेला, अगदी बरोबर! पण हिटरचा प्रवाह साइनसारखा गोल असतो. ह्या लोडचा प्रवाह लाटेच्या माथ्यापाशी तेवढा उसळतो, बाकी वेळ गप्प.

हिशोबाला चौकोनी धरा: पाव वेळ ४० अँपिअर, पाऊण वेळ काहीच नाही. सरासरी १०. साधा मीटर सरासरी मोजतो आणि साइनच्या हिशोबानं १.११ नं गुणतो, म्हणून ११. पण वायर आणि एमसीबीची पट्टी तापते आरएमएसवर, म्हणजे ४० गुणिले पाव चं वर्गमूळ, २०. माथा ४०, आरएमएस २०, तुमचा तो फॅक्टर २. साइनचा १.४ असतो.

चिकोडीकर: मग मी तेच म्हणतोय की! ट्रू आरएमएस २० दाखवेल.

निपाणीचा वायरमन: इथं दाखवेल. पण त्यालाही माथ्याची मर्यादा असते. ३ लिहिलं असेल तर त्याहून टोकदार लाट आली की माथा कापला जातो आणि आकडा कमी येतो. बऱ्याच मीटरांत रेंजच्या टोकाला ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणून तो ३ पोरांना कळलाच पाहिजे.

उद्यमबागवाला: हे टिपणात घालतो: हिटरवर पास झालेला मीटर फक्त साइनला पास. आता शब्द. ‘तुरा’ कसा वाटतो? कोंबड्याचा नव्हे, फेट्याचा. ‘तुऱ्याचं प्रमाण ३’.

चिकोडीकर: तुरा कानडीच की. आमच्याकडं ‘तुरायी’ म्हणतात.

शहापूरचे गुरुजी: कानडीतही तो बाहेरूनच आला. मूळ अरबी-फारसी ‘तुर्रा’. आणि पाठ्यपुस्तकी लिखाणात तुरा शोभत नाही. शिखर म्हणजे शिखर.

निपाणीचा वायरमन: गुरुजी, शिखर हलत नाही. हा सेकंदाला शंभर वेळा वर येतो. आम्ही ‘माथा’ म्हणतो.

शहापूरचे गुरुजी: उद्या ‘पॉवर फॅक्टर’ला काय, ‘दमाचं प्रमाण’ म्हणणार?

उद्यमबागवाला: ते पीएफच आहे, गुरुजी. त्याला कोण हात लावतंय.

खानापूरची काकू: मग मिक्सरची वायर सोलायची का मुलानं?

निपाणीचा वायरमन: सोलू नका काकू! एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड करून घ्या. त्यात केबलीऐवजी तीन सुट्या वायरी घालायच्या, प्रत्येकीचं इन्सुलेशन शाबूत ठेवून. जबड्यात फक्त फेजची घ्या. मिक्सर लावून काय आकडा येतो ते कळवा.

खानापूरची काकू: तो रविवारी येतोय. बघते.