तक्रारपत्रात स्पीड टेस्टचे आकडे द्यावेत का?

रातराणी:
रोज रात्री आठनंतर व्हिडिओ अडकतो. प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे. 3 ते 6 तारखेला मोबाइलवर टेस्ट घेतली, तर 18, 22, 15, 31 असे आकडे आले. कंपनीला पत्र लिहितेय. एवढा पुरावा पुरेल का?

गच्चीवरचा:
नाही पुरणार. "तुमचं वायफाय कमकुवत आहे," असं उत्तर येईल आणि ते खोडायला तुमच्या हातात काही नसेल. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, घरातली बाकीची उपकरणंही थोडा वेळ बंद ठेवा. मग रात्री नऊच्या प्रत्येक नोंदीला त्याच दिवशीच्या सकाळी सहाच्या नोंदीची जोड द्या. तीच केबल, तोच लॅपटॉप. सकाळी 93 आणि रात्री 19, असं सात दिवस दिसलं तर वायफायचं कारण पुढे करता येत नाही. पत्रात सरासरी देऊ नका. तारीख, वेळ, टेस्टचा सर्व्हर आणि आकडा अशी एकेक ओळ लिहा, सोबत स्क्रीनशॉट जोडा.

नाममात्र:
एवढा खटाटोप कशाला? टेस्टमध्ये 90 आले तर लाइन ठीक, दोष व्हिडिओ ॲपचा. आकडा पडला तर कंपनीचा.

गच्चीवरचा:
दुसरं बरोबर, पहिलं अर्धंच. टेस्ट बहुतेकदा जवळचा सर्व्हर निवडते, तो कित्येकदा कंपनीच्याच जाळ्यात असतो. व्हिडिओ बाहेरून येत असेल आणि संध्याकाळी कोंडी बाहेरच्या जोडणीवर असेल तर टेस्ट छान येते, व्हिडिओ मात्र फिरत बसतो. म्हणून एक टेस्ट दूरच्या सर्व्हरवरही घ्या. शिवाय अडकलेलं असतानाच हे दोन्ही चालवून बघा (पहिला पत्ता तुमच्या राउटरचा घाला):

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिला 1-2 मिलिसेकंदांवर स्थिर आणि दुसरा 20 वरून 180 वर उड्या मारतोय, म्हणजे अडचण राउटरच्या पलीकडे. पलीकडे नेमकी कुठे, ते यावरून कळत नाही.

शेवंती:
आमच्याकडेही असंच! दिवसभर नेट जायचं, डब्यावर लाल दिवा लागायचा. कपाटामागे फायबर मुडपली होती. आधी तार बघा.

गच्चीवरचा:
शेवंतीताई, मुडपलेली तार घड्याळ बघत नाही. यांचा त्रास ठरलेल्या वेळेचा आहे. एक फायबर 32 किंवा 64 घरांत वाटलेली असते, संध्याकाळी सगळेच बसतात.

कावेरी:
मला हे सगळंच पटत नाही. कोणत्या लाइनवर किती गर्दी आहे हे कंपनीला तिच्या यंत्रावर दिसतं. पैसे भरणाऱ्याने सात दिवस पहाटे उठून तिचं काम का करायचं? चार ओळींची तक्रार करा, नोंदणी क्रमांक घ्या आणि तपासणीचा लेखी अहवाल मागा.

गच्चीवरचा:
मागा की. पण "आमच्या बाजूने सगळं ठीक" असा अहवाल आला तर समोर काय ठेवाल?

कावेरी:
मग त्यांचे आकडे मागायचे. जिच्याकडे यंत्र आहे तिनेच दाखवावं.

रातराणी:
मोबाइलचे आकडे काढून टाकते. आजपासून केबलने मोजते. कावेरी, अहवालाची मागणी पत्राच्या पहिल्याच ओळीत घालतेय.