भावाभावांत धंद्याची वाटणी: तुमच्या घरात नेमकं कुठं अडलं?

गंगावेसकर: लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं दुकान आहे, वडील आता थकलेत आणि पुढं कुणी बघायचं यावरून माझ्यात आणि धाकट्यात धुसफूस सुरू झालीय. तो रोज गल्ल्यावर बसतो, मी नोकरी सांभाळून हिशोब, जीएसटी बघतो, आणि दोघांनाही वाटतंय की दुकान आपल्यामुळं चाललंय. वकिलाकडं जा म्हणू नका, ते जाऊच. तुमच्याकडं भांडण कशावरून पेटलं आणि कुठं जाऊन थांबलं तेवढं लिहा. न थांबलेलं पण चालंल.

लेथ_ते_व्हीएमसी: लिहितो, जरा लांब होईल. उद्यमनगरात आमचं मशीन शॉप, शिरोलीच्या फौंड्र्यांचं कास्टिंग यायचं, ते मशिनिंग करून द्यायचं. फर्म वडील आणि थोरला दादा यांची, निम्मी-निम्मी भागीदारी. मी पुण्यात नोकरीला, बहीण सांगलीला दिलेली. वडील अचानक गेले. तेराव्यानंतर मी म्हटलं निम्मं माझं, दादा म्हणाला तुझा काय संबंध, चौदा वर्षं तेल-कुलंटात हात माझे आहेत. दोघं पण चूक होतो हे सीएकडं बसल्यावर कळलं.

पहिली गोष्ट, भागीदार दोघंच असले आणि एक गेला की फर्म तिथंच संपते, एकट्याची भागीदारी नसते. दादाला स्वतःच्या नावानं नवा जीएसटी नंबर काढायला लागला, बँकेनं सीसी खातं गोठवलं, आणि गिऱ्हाईक कंपन्यांनी नवीन व्हेंडर कोड होईपर्यंत पेमेंट अडकवून ठेवलं. कामगारांचा पगार वहिनीचे दागिने ठेवून केला, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी गोष्ट, आम्ही वारस म्हणजे भागीदार नव्हतो. वडिलांच्या फर्ममधल्या हिश्श्याचे पैसे आम्हाला मिळणार, धंदा नाही. मग हिशोब मांडला. मशीन बाजारभावानं ४६ लाख, येणं २२ लाख पण त्यातलं ४ लाख बुडीत म्हणून १८ धरलं, माल ६, असे ७० लाख. त्यातून सीसीचे ३१ आणि देणेकऱ्यांचे ९ गेले, राहिले ३०. पुस्तकात वडिलांचं भांडवल १२ आणि दादाचं ८, म्हणजे २०, वरचे १० निम्मे-निम्मे, तर वडिलांचे झाले १७ लाख. त्याचे वारस चार, आई, आम्ही दोघं भाऊ आणि बहीण. माझ्या वाट्याला सव्वाचार लाख! ज्या धंद्यासाठी आम्ही सहा महिने बोलत नव्हतो त्यातलं माझं येणं तेवढंच.

खरा पैसा शेडमध्ये होता. शेड फर्मची नव्हती, वडिलांच्या स्वतःच्या नावावर होती, किंमत एक कोटी साठ लाखाच्या आसपास. प्रत्येकी ४० लाख. म्हणजे दादा ज्या जागेत मशीन चालवत होता तिचा पाऊण भाग त्याचा नव्हताच, आणि भाडेकरार पण नव्हता.

दादाच्या चौदा वर्षांचं काय? भागीदारी पत्र काढलं, त्यात पगाराचं कलम होतं, "परस्पर संमतीने ठरेल" असं टाइप केलेलं आणि पुढं कधीच ठरलं नाही. घरखर्च, माझं इंजिनिअरिंग, बहिणीचं लग्न सगळं फर्ममधून उचललेलं आणि वडिलांच्या खात्यावर टाकलेलं. म्हणून त्यांचं भांडवल १२ वर आलं होतं. म्हणजे माझ्या शिक्षणाचे पैसे माझ्याच वारशातून गेले म्हणा की. पण दादाच्या मेहनतीचा पुस्तकात एक रुपया नाही, हे मात्र मला बघवलं नाही.

राजारामपुरी_९वी_गल्ली: एवढं कशाला वाढवायचं, बापानं हयातीत मृत्युपत्र रजिस्टर करायचं, विषय कट. रजिस्टर नसलं तर त्याला किंमत नाही. आणि बाकीच्यांकडनं हक्कसोड घ्यायचं, नाममात्र स्टॅम्प लागतो.

अॅडव्होकेटची_बायको: अर्धं बरोबर दादा. मृत्युपत्राला रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, दोन साक्षीदार मात्र पाहिजेतच आणि ते वारसांपैकी नसलेले बरे. हक्कसोडीचं उलट आहे, ते रजिस्टरच व्हायला लागतं. आणि स्टॅम्प नाममात्र कधी, तर पैसे न घेता सोडलं तर. भावानं चाळीस लाख देऊन कागदावर "विनामोबदला" लिहायचं, हे कोल्हापुरात घरोघरी चालतं आणि पुढं चेकची एंट्री दिसली की अंगलट येतं. आणि वडिलांच्या मृत्युपत्रात त्यांचंच लिहिता येतं, वडिलोपार्जित असेल तर फक्त त्यांचा हिस्सा.

हुपरीची_माहेरवाशीण: सगळ्यांच्या गोष्टीत "दोघं भाऊ" आणि मग शेवटी "अरे बहीण पण आहे". आमच्या चांदीच्या कारखान्याच्या वाटणीची बैठक झाली तेव्हा मी आत चहा करत होते. सह्या घ्यायच्या दिवशी आठवण झाली माझी. मी सही केली नाही आठ महिने. लोभी म्हणाले, म्हणू देत. मला पैसे नको होते, विचारायला पाहिजे होतं. शेवटी थोरल्यानं येऊन आकडे दाखवले, तेव्हा केली.

लेथ_ते_व्हीएमसी: ताई, आमच्यात पण हेच. बहीण म्हणाली पैसे नको पण दादाला फुकट पण देणार नाही, भाडं दे. आता दादा तिला आणि आईला शेडचं भाडं देतो, माझा हिस्सा हप्त्यानं घेतोय, कागद खरेदीसारखा स्टॅम्प भरूनच केला. माझ्या वकिलानं मधल्या काळाचं सहा टक्के व्याज पण मागायला सांगितलेलं, १७ लाखावर वर्षाला लाखाच्या वर बसत होतं. कायद्यात आहे ते. मी मागितलं नाही, वहिनीचे दागिने डोळ्यासमोर आले. बायको अजून म्हणते मागायला पाहिजे होतं.

चप्पल_लाईन: आमच्यात उलटं आहे राव, दोघा भावांपैकी कुणीच घ्यायला तयार नाही. २०१९ ला जीआय टॅग मिळाला म्हणून सगळीकडं कौतुक झालं, पण कातडं कमवणं आणि हातशिलाई शिकायला घरातलं एक पोरगं बसत नाही. भांडायला दोन माणसं तरी आहेत तुमच्याकडं. विषय सोडून बोललो असेन तर माफी.

गुजरी_कट्टा: विषयातच आहे की. आमचं सांगतो. वडिलोपार्जित दुकान म्हणायचो, पण जागा जुन्या भाड्याची, मालक दुसराच. वडील गेल्यावर चार वारसांत वाटणी होईल असं गृहीत धरलेलं. तर भाडे नियंत्रण कायद्यात धंद्याच्या जागेची भाडेदारी त्या घरच्या माणसाला जाते जो भाडेकरू गेला तेव्हा त्याच्याबरोबर तिथं धंदा करत होता. धाकटा भाऊ पेढीवर बसायचा, मी बाहेर. जागेवरनं माझा हात निघाला. स्टॉकमध्ये, येण्यामध्ये हिस्सा होता, तो मिळाला. बोर्डवरच्या नावाचं मात्र अजून मिटलेलं नाही. त्यानं पाटीवर "आमची कोठेही शाखा नाही" लिहिलंय आणि माझं दुकान तिथनं चालत पाच मिनिटांवर.

राजारामपुरी_९वी_गल्ली: 😂 नाव ट्रेडमार्क केलंय का कुणी?

गुजरी_कट्टा: दोघांनी पण अर्ज टाकलाय. बगू.

गंगावेसकर: गुजरीवाले, तुमचं वाचून घाबरलोय. आमची पण जागा भाड्याचीच. आत्ता वडिलांना विचारलं तर पावती अजून आजोबांच्या नावानं निघते म्हणे.

गुजरी_कट्टा: मग तू आणि धाकटा नंतर या. आजोबा गेले तेव्हा त्यांच्याबरोबर दुकानात कोण बसत होतं?

गंगावेसकर: वडील. आणि काका. काका नंतर वेगळे झाले, कागद काही केलेला नाही.

अॅडव्होकेटची_बायको: काका हयात आहेत ना? मग भावाशी भांडायच्या आधी त्यांच्याकडं जाऊन या. दोघं मिळून जा.