पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी वडिलांची साखर वाढली. भाकरी खरंच चांगली का?

बार्शीकर (प्रश्न): वडील ६८ वर्षांचे, मधुमेह ११ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत. दुपारच्या जेवणात ३ पोळ्या असायच्या, त्या बंद करून २ ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या. जेवणानंतर २ तासांनी घरच्या मशीनवर साखर आधी १७० च्या आसपास यायची, आता तीन वेळा २०० च्या वर आली. सगळे म्हणतात भरडधान्यात तंतू जास्त, साखर हळू चढते. मग हे उलटं कसं? आणि लोह, कॅल्शियम यांचं खरं काय?

मंगळवेढ्याचा शेतकरी: दादा, ज्वारी कुठली आणता ते आधी बघा. दुकानात पांढरीशुभ्र चकचकीत ज्वारी मिळते, ती पॉलिश केलेली असते, वरचं साल गेलेलं. आमच्याकडं मालदांडी पिकते, काळ्या रानातली, थंडीच्या दवावर पोसलेली. माझे आजोबा ८५ वर्षांपर्यंत दोन वेळा भाकरी खाऊन शेतात राबले. पोळी आमच्या घरात सणाला व्हायची. गहू रोजचा झाला आणि गावात साखरेचे पेशंट वाढले, हे मी डोळ्यानं बघितलंय. भाकरी सोडू नका एवढंच सांगतो.

हिंजवडीतला: यावर अभ्यास झालेला आहे. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२१ साली बरेच जुने अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला होता. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर साखर किती चढते तो आकडा, भरडधान्यांचा सरासरी ५२.७, आणि तांदूळ व गहू दोन्ही ७० च्या वर. विषय संपला. तुमच्या मशीनच्या पट्ट्यांची तारीख तपासा, जुन्या असतील.

आहारतज्ज्ञ, पुणे: विषय इथे संपत नाही, कारण ७० च्या वरचा तो गहू म्हणजे मैदा होता आणि तांदूळ होता पॉलिश केलेला. बार्शीकरांच्या वडिलांच्या ताटात मैदा नव्हता, चक्कीवरच्या कणकेची पोळी होती. ती तुलनाच वेगळी आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये धान्यांचे जे तक्ते काढले, ते मी रोज वापरते. १०० ग्रॅममध्ये तंतू बघा: ज्वारी सुमारे १० ग्रॅम, बाजरी साडेअकरा, नाचणी ११ आणि अख्ख्या गव्हाची कणीकही ११. पांढरा तांदूळ जेमतेम ३, मैदाही तेवढाच. म्हणजे खरी दरी भाकरी आणि भात यांच्यात आहे. भाकरी आणि कोंड्यासकट पोळी यांच्यात तंतूंचा फरक नगण्य आहे. शेतकरी दादांचं पॉलिशचं म्हणणं मात्र अगदी बरोबर, साल गेलं की हे आकडे लागू होत नाहीत.

आता २०० का आले? बार्शीकर, एक काम करा. उद्या आईंना भाकरीचं पीठ परातीत घेताना थांबवा आणि ते वजनकाट्यावर ठेवा. मग एका पोळीची कणीकही मोजा. आकडे इथे लिहा, मग बोलू.

मंगळवेढ्याचा शेतकरी: ताई, तुमच्या तक्त्यातली कणीक कोंड्यासकट असेल. शहरात कोण खातं तशी? पोळी मऊ यावी म्हणून बारीक चाळणीनं चाळतात आणि कोंडा गाईला जातो. भाकरीचं पीठ चाळलं तरी जाड चाळणीनं. म्हणजे घरात प्रत्यक्ष जे खाल्लं जातं त्यात भाकरीच पुढं.

आहारतज्ज्ञ, पुणे: हे मान्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी तेच सांगते: किलोभर कणीक चाळा आणि चाळणीत उरलेला कोंडा वाटीत काढून बघा. वाटी भरत असेल तर तुमची पोळी मैद्याकडे सरकली आहे. पण याचं उत्तर चाळणी बाजूला ठेवणं हे आहे, त्यासाठी गहूच सोडायची गरज नाही.

म्हापशाहून, मूळची रत्नागिरीची: आमच्याकडे पोळीही नाही आणि ज्वारीही नाही, दोन्ही वेळ भात. मी सकाळी नाचणीचं आंबील पिते, ताक घालून. नाचणी साखरेला चांगली म्हणून भावालाही सुरू केलं, त्याला मधुमेह आहे. त्याची साखर आंबील प्यायल्यावर तासाभरात भरपूर चढते. मग नाचणी वाईट का?

आहारतज्ज्ञ, पुणे: नाचणी वाईट नाही, तिचं रूप बदललं. पीठ अगदी बारीक, ते भरपूर पाण्यात शिजून फुगलेलं आणि प्यायचं असल्यामुळे चावणं नाही. तसा स्टार्च आतड्यात लगेच फुटतो. नाचणीसत्त्वात तर कपड्यातून गाळून कोंडा काढलेलाच असतो, ते लहान बाळासाठी ठीक, भावासाठी नाही. त्याच नाचणीची भाकरी उसळीबरोबर चावून खाल्ली तर चढ बहुधा सौम्य असतो. आंबील प्यायचंच असेल तर छोटी वाटी आणि जेवणाचा भाग म्हणून, रिकाम्या पोटी मोठा पेला नको.

नाचणीची खरी ताकद कॅल्शियममध्ये आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम. गव्हात तीस-चाळीस, तांदळात दहाही नाही. तुम्ही स्वतः पिता ते चालू ठेवा, विशेषतः दूध कमी पीत असाल तर.

एक आई, नगर: विषय थोडा वेगळा आहे, पण लोहाचं निघालं म्हणून लिहिते. मुलीचं हिमोग्लोबिन ९ वर आलं, म्हणून दोन महिने रोज बाजरीची भाकरी आणि गूळ दिला. काहीच फरक नाही. बाजरीत लोह असतं हे खोटं आहे का? आणि बाजरीने थायरॉईड होतो हे खरं का? सासूबाई त्यावरून बंद करायला सांगतात.

हिंजवडीतला: बाजरीत लोह गव्हापेक्षा दीडपट आहे, तक्त्यातच आहे. भाकरीची संख्या वाढवा.

आहारतज्ज्ञ, पुणे: संख्या वाढवून हे सुटणार नाही. बाजरीत १०० ग्रॅमला साडेसहा मिलिग्रॅमच्या जवळ लोह आहे, गहू आणि ज्वारीत ४, तांदळात १ सुद्धा नाही. पण धान्याच्या सालात फायटेट असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि बरंचसं लोह तसंच बाहेर जातं. गव्हाच्या कोंड्यातही ते आहेच. म्हणून भाकरीबरोबर लिंबू पिळलेली कोशिंबीर किंवा पेरू द्या, आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला. पीठ रात्री ताकात आंबवून ठेवलं तर फायटेट कमी होतं, जुन्या बायका आंबीलासाठी तेच करायच्या.

बाजरीचा उपयोग होतो याचा पुरावा तुमच्याच जिल्ह्यातला आहे. तिथल्या आश्रमशाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना मुद्दाम जास्त लोहाची पैदास केलेली बाजरी सहा महिने भाकरीतून दिली होती, आणि त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा साध्या बाजरीच्या गटापेक्षा जास्त सुधारला. तेच वाण ‘धनशक्ती’ नावाने २०१४ मध्ये आलं. पण हिमोग्लोबिन ९ हे भाकरीने भरून काढायचं दुखणं नाही. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या घ्या, आणि रक्त कशामुळे कमी झालं तेही तपासा.

थायरॉईडचं पूर्ण खोटं नाही. बाजरीतले काही घटक आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात, हे सुदानमधल्या अभ्यासांत दिसलं, जिथे आयोडीन कमी आणि खाण्यात मुख्यतः बाजरीच. घरात आयोडीनचं मीठ आणि इतर धान्यंही असतील तर आठवड्यातल्या तीन-चार भाकरींना मी घाबरणार नाही. थायरॉईडचा आजार आधीपासून असेल तर मी बाजरीऐवजी ज्वारी सुचवते. याबाबत माझ्याच क्षेत्रात एकमत नाही.

बार्शीकर: ताई, मोजलं. आई हाताला येईल तेवढं पीठ घेते. एक भाकरी ८० ग्रॅम पिठाची निघाली, पोळी ३५ ग्रॅमची. आईला स्वतःलाच धक्का बसला.

आहारतज्ज्ञ, पुणे: तिथेच उत्तर आहे. २ भाकरी म्हणजे १६० ग्रॅम पीठ, त्यात पचणारे पिष्टमय पदार्थ सुमारे १०८ ग्रॅम. ३ पोळ्या म्हणजे १०५ ग्रॅम कणीक, त्यात ते सुमारे ६७ ग्रॅम. संख्या तीनवरून दोनवर आली, पण पोटात दीडपटीहून जास्त गेलं. इंडेक्स थोडा कमी असला तरी एवढी वाढ तो झाकू शकत नाही.

आता असं करा. ५० ग्रॅम पिठाची पातळ भाकरी, अशा दोनच. उकळत्या पाण्याने पीठ मळलं तर पातळ थापता येते, कडेला फाटत नाही. भाजी, आमटी, ताक तेच ठेवा, वेळही तीच. तीन दिवस भाकरी, तीन दिवस पोळी, दोन तासांनी मोजा. औषधं स्वतःहून बदलू नका. पीठ कमी केल्यावर साखर खूप खाली आली, घाम-थरथर जाणवली, तर लगेच डॉक्टरांना सांगा.

बार्शीकर (आठ दिवसांनी): भाकरीचे तीन दिवस: १६८, १७९, १६२. पोळीचे: १७१, १६६, १७४. पोळी न चाळलेल्या कणकेची. मग काय समजू, भाकरी जिंकली की बरोबरी?

हिंजवडीतला: सरासरी काढा, भाकरी १६९.७ आणि पोळी १७०.३. भाकरी पुढे.

आहारतज्ज्ञ, पुणे: घरच्या मशीनला १५ टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा असते, म्हणजे १७० चे १४५ किंवा १९५ दाखवले तरी ते नियमात बसतं. अर्ध्या आकड्याच्या फरकावर कुणी पुढे नाही. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही सारखी आहेत. एका माणसाचे सहा आकडे सगळ्यांना लागू होत नाहीत, माझ्याकडे ज्वारीवर स्पष्ट खाली येणारेही काही आहेत. ज्वारीतली प्रथिनं ओलसर शिजवल्यावर स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, त्याचा परिणाम काहींना जास्त होत असावा.

मंगळवेढ्याचा शेतकरी: ताई, तुमचं मोजमाप कळलं. पण पन्नास ग्रॅमची पापडासारखी भाकरी रानात राबणाऱ्याला पुरत नाही. आमच्या लोकांना दोन मोठ्या लागतात, आणि त्यांची साखर वाढत नाही कारण अंगातून तेवढा घाम जातो. बार्शीकरांचे वडील जेवून काय करतात?

बार्शीकर: जेवून झोपतात, तीनपर्यंत. उद्यापासून चावडीपर्यंत चालायला पाठवतो आणि तोच आकडा पुन्हा बघतो. भाकरी ५० ग्रॅमचीच राहील, आईने त्या मापाची वाटीच वेगळी काढून ठेवलीय.